पान तेवीस

नागपुरात बी.एस्सी.ला गणित घेतलेला माणूस भेटला, की त्याला एकच प्रश्न विचारायचा: "कवडू सरांच्या नोट्स होत्या का?" होत्या म्हणाला, तर तो बहुतेक पास झालेला असतो. बहुतेक म्हणालो मी. सगळे म्हणालो नाही, आणि या गोष्टीत तेवढाच फरक महत्त्वाचा आहे.

सरांचं आडनाव रामटेके, पण त्या नावानं त्यांना फक्त पगाराचं स्टेटमेंट ओळखे. आधीची दोन भावंडं दगावली म्हणून जन्मल्याबरोबर आजीनं त्यांना शेजारणीच्या ओटीत टाकलं आणि एक कवडी देऊन परत विकत घेतलं, म्हणून नाव कवडू. अशा पोराला यम नेत नाही म्हणतात. यमानं खरंच नेलं नाही. बाप कामठीत विड्या वळायचा. छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा बाप कोवळा पोरगाच होता. पण तिथून येताना त्यानं मनाशी एक गाठ बांधली, की आपल्या घरात आता शिकलेला माणूस झाला पाहिजे. त्या गाठीपायी कवडू कंदिलाजवळ बसून बीजगणित शिकला, एम.एस्सी.ला पहिला वर्ग आणला आणि महाल भागातल्या एका कॉलेजात चिकटला. चिकटला तो चिकटला. बत्तीस वर्षं झाली. आता जुलैअखेर रिटायर व्हायचे होते.

नोट्सचं असं झालं, की सर लागले तेव्हा पुस्तकं सगळी इंग्रजीत. समोर बसलेले पोट्टे उमरेडचे, कुहीचे, मौद्याचे. इंग्रजी थिअरम वाचता वाचता त्यांचे डोळे पांढरे व्हायचे. सरांना ते बघवेना. मग त्यांनी रोज घरी बसून एकेक धडा स्वतःच्या हातानं लिहून काढला. गणित इंग्रजी चिन्हांत, आणि मधेमधे समजावणं आपल्या बोलीत, आपण बोलतो तसं. अक्षर मोत्यासारखं. पोट्ट्यांनी झेरॉक्स काढल्या, झेरॉक्सच्या झेरॉक्स काढल्या, धाकट्या भावाबहिणींना दिल्या. आज कितीक घरांत त्या नोट्स कपाटात असतील, कोण जाणे. चांगल्या मनानं केलेलं काम होतं, हे मी आधीच सांगून ठेवतो. पुढं जे आहे ते ऐकताना हे विसरू नका.

त्या नोट्सचं पान तेवीस म्हणजे दोन चलांच्या फलनाचा, म्हणजे फंक्शनचा, धडा. तिथं एक नमुना दिलेला. xy भागिले x वर्ग अधिक y वर्ग, आणि मूळ बिंदूवर, म्हणजे ओरिजिनवर, किंमत शून्य. आधी त्याचे पार्शल डेरिव्हेटिव्ह काढायचे. म्हणजे काय, तर y ला शून्यावर खिळवून फक्त x च्या रस्त्यानं ओरिजिनकडे यायचं आणि चढ किती आहे ते पाहायचं. मग x ला खिळवून y च्या रस्त्यानं तसंच. दोन्ही रस्त्यांवर वरचं xy शून्यच होतं. सगळीकडे शून्य, सपाट. तेव्हा दोन्ही डेरिव्हेटिव्ह आहेत, आणि दोन्ही शून्य. इथपर्यंत सगळं ठीक. पण त्याखाली सरांनी चौकट आखून, दोनदा अधोरेखित करून लिहिलं होतं: "दोन्ही रस्त्यांनी आलो, एकाच घरी पोचलो. म्हणून फलन ओरिजिनपाशी कंटिन्युअस आहे." कंटिन्युअस म्हणजे सलग, कुठं तुटलेलं नाही.

पोट्ट्यांना ते वाक्य इतकं आवडे, की इंग्रजीत पेपर लिहिणारेही तेवढी ओळ मराठीत लिहून येत.

यंदा उन्हाळ्यात सर पेपर तपासायला मूल्यांकन केंद्रावर जात होते. आता सगळं कॉम्प्युटरवर असतं. स्कॅन केलेलं उत्तर पडद्यावर येतं, नाव नाही, कॉलेज नाही, फक्त एक नंबर. बाहेर पंचेचाळीस डिग्री, आत कुलर घरघरतोय, आणि चाळीस-पन्नास प्राध्यापक रांगेनं माना खाली घालून क्लिक करून राहिले. सकाळी एक वाटी तर्री-पोहे, अकरा वाजता चहा. सरांना हे दिवस आवडायचे. तिसऱ्या दिवशी चौथ्या प्रश्नाचा ब भाग आला: हे फलन ओरिजिनवर कंटिन्युअस आहे का, कारण द्या. मार्क पाच. फलन तेच, पान तेवीसवरचं.

आणि पहिल्याच पेपरात ती ओळ आली. दोन्ही रस्त्यांनी आलो, एकाच घरी पोचलो.

सर हसले. आपलं पोट्टं! पाचपैकी पाच. दुसऱ्या पेपरात तीच ओळ. पाच. सात पेपर असे झाले. शेजारी मधुकरराव बसले होते, दुसऱ्या एका कॉलेजचे, सरांच्याच वयाचे. त्यांना सर म्हणाले, "यंदा पोट्ट्यांनी चांगली तयारी केली गा." मधुकररावांनी वाकून पडद्याकडे पाहिलं. चष्मा काढून पुसला आणि ते आपल्या पडद्याकडे वळले.

बरोबर उत्तरं एका कागदावर छापून प्रत्येकाच्या टेबलावर ठेवलेली होती. सरांनी तो कागद उघडलाही नव्हता. बत्तीस वर्षं शिकवलेला माणूस मॉडेल आन्सर कशाला वाचतो? तुम्ही तरी वाचला असता का?

चहानंतर मॉडरेटर मॅडम आल्या. डॉ. सोनिका बनसोड. वय पस्तीसेक, शिक्षण अमरावतीकडचं, नागपुरात नोकरीला येऊन तीन वर्षं झालेली. तपासणाऱ्यांवर तपासणी करायची हे त्यांचं काम. बोलायला मवाळ, पण नजर फार धारदार.

"सर, एक मिनिट. चार ब. तुम्ही सात पेपरांना पाचपैकी पाच दिलेत."

"हाव. बरोबर आहे ना."

"बरोबर कसं सर? फलन कंटिन्युअस नाहीये."

सर जरा तडकले. कालची पोरगी आपल्याला शिकवते! "मॅडम, दोन्ही पार्शल डेरिव्हेटिव्ह आहेत. डेरिव्हेटिव्ह असला म्हणजे फलन सलग असतंच. हे तर अकरावी-बारावीचं आहे."

"एका चलाला असतं सर. इथं दोन आहेत." मॅडमनी टेबलावरचा कागद उचलला, कोऱ्या बाजूवर फुलीसारखे दोन अक्ष काढले. "तुम्ही या दोन रेघांवरच चालताय. तिरके या ना. y ऐवजी x टाका."

सरांनी मनातल्या मनात टाकलं. वर x वर्ग. खाली दोन x वर्ग. उत्तर एक द्वितीयांश. ओरिजिनच्या कितीही जवळ जा, केसभर अंतरावर जा, त्या तिरक्या रेघेवर किंमत अर्धीच राहते. आणि नेमक्या ओरिजिनवर शून्य. पाय ठेवावा आणि खाली जमीनच नसावी, तशी गत. डेरिव्हेटिव्ह दोन्ही आहेत, हे खरं. पण ते फक्त दोन रेघांवरचं सांगतात; मधल्या अख्ख्या मैदानात काय चाललंय याचा त्यांना पत्ता नसतो.

तीन सेकंद लागले असतील. बत्तीस वर्षांत जे तीन सेकंद दिले नव्हते, ते आता लागले.

"चूक झाली माझी," ते म्हणाले. "मार्क बदलून टाकतो."

"ते ठीक आहे सर. मला वेगळंच सांगायचंय." मॅडम खुर्ची ओढून बसल्या आणि आवाज खाली आणला. "काल संध्याकाळपर्यंत असे एकाहत्तर पेपर निघाले. तीन वेगवेगळ्या सेंटरचे. सगळ्यांत हीच चूक, आणि हेच वाक्य, शब्दन् शब्द. रस्ते काय, घर काय! असं एकाहत्तर जणांना एकदम सुचेल का? पेपर फुटला असणार सर. कोणीतरी उत्तर मोबाइलवर फिरवलं, आणि तेही चुकीचं. उद्या चार वाजता माझा रिपोर्ट जातो. या एकाहत्तर जणांचा निकाल राखून ठेवतील, चौकशी लागेल. वर्ष जाईल पोरांचं."

सरांनी माउस बाजूला सारला.

"तुम्ही नागपुरातले जुने आहात. हे वाक्य कुठं ऐकलंय का तुम्ही?"

आता इथं खरं सांगायचं होतं. एवढंच म्हणायचं होतं, की बाई, पेपर फुटला नाही, ते माझं वाक्य आहे. एकाहत्तर पोरं जागच्या जागी सुटली असती. पाच मार्क गेले असते फक्त. पण सरांच्या डोळ्यांपुढे जुलैचा शेवटचा दिवस उभा राहिला. हॉल, हार, माजी विद्यार्थी, आणि त्यांच्या नोट्सची, वर त्यांचं नाव छापलेली निळी फाइल. माणसाची आयुष्यभराची कमाई म्हणजे नाव. ते असं कुलरच्या घरघरीत द्यायचं?

"नाही," सर म्हणाले. "मी तर नाही ऐकलं."

मॅडम उठून गेल्या. मधुकररावांनी मान न वळवताच म्हटलं, "कवडू, मले मात्र हे वाक्य कुठंतरी वाचल्यासारखं वाटते गा." आणि ते क्लिक करत राहिले.

सरांनी पुढचा पेपर उघडला. त्यातही ती ओळ होती. पण पेपर देणाऱ्यानं ती लिहून दोन रेघांनी खोडली होती आणि खाली लिहिलं होतं: "नाही. y = x घेऊन पाहा. 1/2 येते. कंटिन्युअस नाही." ते पाहा कोणाला म्हटलं होतं कोण जाणे, पण सरांना वाटलं, आपल्यालाच. त्यांनी पाच मार्क दिले.

दुपारी घरी आले तर जेवण जाईना. सत्यवतीबाईंनी ताटाकडे पाहिलं.

"काय झालं जी? ऊन लागलं का?"

"नाही वं. भूक नाही."

"मग आंब्याचं पन्हं तरी घ्या. चेहरा पाहा आपला आरशात." त्या मीठ-साखर घालून पेला घेऊन आल्या, आणि पाहतात तर सर कपाटापुढं फतकल मारून बसलेले, जुन्या नोट्स उपसून राहिले. पान तेवीस सापडलं. चौकट, दोन अधोरेखा, मोत्यासारखं अक्षर. सरांना वाटलं, आता हे फाडून टाकावं. पण एक फाडून काय उपयोग? मूळ प्रत झेरॉक्सवाल्याकडे. दर जूनमध्ये तोच छापतो, तोच विकतो. उद्या चौकशीवाले हे वाक्य कुठून आलं विचारत निघाले, तर पहिले त्याच्याच दुकानात शिरतील.

झेरॉक्सवाला म्हणजे प्रशिक. आणि प्रशिकचं नाव मनात आलं तसं सरांना दुसरंही काही आठवलं. ते पेला खाली ठेवून तसेच उठले.

"या उन्हात कुठं?" सत्यवतीबाई म्हणाल्या. "दुपट्टा तरी बांधा!"

सरांनी दुपट्टा बांधला आणि स्कूटर काढली. रस्ताभर ते आठवण बाजूला सारत होते, आणि ती पुन्हा समोर येऊन उभी राहत होती. एकोणीस वर्षांपूर्वीचा वर्ग. खिडकीजवळच्या बाकावर काटकुळा, मोठ्या कानांचा पोट्टा. पान तेवीस शिकवून झालं, तसा तो उभा राहिला होता. "सर, दोन रस्ते झाले. तिरकं आलं तर?" वर्ग हसला होता. सरही हसले होते. म्हणाले होते, "आधी सरळ चालायला शीक गा. मग तिरका जा." वर्ग आणखी हसला होता.

गांधीबागेत कापडाच्या ठोक दुकानांच्या मधे एक बोळ आहे. गठ्ठे उतरवणारे हमाल, हातगाड्या, आणि बोळाच्या शेवटी 'प्रशिक झेरॉक्स'. दुपारचे साडेचार म्हणजे गिऱ्हाईक नाही. आत दोन मशीन तापून वास मारत होत्या. प्रशिक काउंटरमागे बसला होता. कान तसेच मोठे, केस मात्र पिकायला लागले.

"या सर! उन्हाचे काहून आले? फोन केला असता, मी आलो असतो." त्यानं स्टूल पुसून पुढं सरकवलं, माठातलं पाणी दिलं. अदबीत एका केसाची कसर नाही. "तुमच्याच फायली बांधून राहिलो पाहा. जून आला ना."

काउंटरवर निळ्या फायलींची चळत होती. प्रत्येकीवर सरांचं नाव.

"प्रशिक, ते पान तेवीस काढून टाकायचं आहे. सगळ्यांतून. आजच्या आज. आणि मूळ प्रत माझी मले दे."

प्रशिक हसला नाही, दचकलाही नाही. त्यानं फक्त मशीनचं बटण बंद केलं. दुकान एकदम शांत झालं.

"काहून सर?"

"चूक आहे त्याच्यात."

"हाव," प्रशिक म्हणाला. "माहीत आहे."

सरांच्या हातातला पेला तिथंच थांबला.

"एकोणीस वर्षं झाले सर. y बरोबर x टाकलं की अर्धा येते. मी तेव्हाच घरी जाऊन करून पाह्यलं होतं. कॉलेजच्या चाचणीत हाच सवाल आला, तर मी तेच लिहिलं, कंटिन्युअस नाही म्हणून. तुम्ही पाचपैकी शून्य दिलं, आणि लाल पेनानं लिहिलं, नोट्स वाचा." त्यानं खालचा खण उघडला आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतून एक पिवळा पडलेला कागद काढून सरांपुढे ठेवला. लाल अक्षर सरांचंच होतं. "मग मी नोट्स वाचल्या. पाठच करून टाकल्या. म्हटलं, सर एवढे मोठे, आपलंच काहीतरी चुकत असन. विद्यापीठाच्या पेपरात पुन्हा तोच सवाल. तिथं मी तुमचं लिहिलं, दोन्ही रस्त्यांनी आलो, एकाच घरी पोचलो. तिथं तपासणारा कोणी जाणता निघाला. त्यानंही शून्यच दिलं."

"तू चार मार्कांनी गेला होता," सर हळूच म्हणाले. तो निकाल त्यांना आठवत होता. त्या वर्षी वर्गातले कितीतरी पोट्टे त्या सवालात गेले, आणि सरांनी स्टाफरूममध्ये पेपर काढणाऱ्याला यथेच्छ शिव्या घातल्या होत्या.

"चार मार्कांनी. बाबानं म्हटलं पुन्हा बस. पण माझं मनच उडालं सर. खरं लिहिलं तर तुमच्याकडून शून्य, तुमचं लिहिलं तर त्यांच्याकडून शून्य. दोन्ही रस्त्यांवर शून्यच भेटलं मले." हे तो रागानं बोलला असता तर बरं झालं असतं. तो दुकानाचा पत्ता सांगावा तसा बोलत होता.

"मग तू ते छापत काहून राह्यला बे?" सरांचा आवाज चढला. खरं सांगू, त्यांना त्याचा रागच आला. माणूस सापडला की आधी समोरच्यावरच भडकतो. "एक शब्द तरी बोलाचा होता! पान बदलून टाकाचं होतं!"

"एकदा उठून बोललोच होतो ना सर," प्रशिक म्हणाला. "पोराईले सांगतो मी. दरवर्षी सांगतो. फाइल देताना म्हणतो, पान तेवीस वाचू नका, तिरकं जाऊन पाहा. पोट्टे माझ्याकडे पाहतात, का हा झेरॉक्सवाला काय सांगून राहिला! सरांचं आहे म्हणतात, सर कधी चुकतात का? एखादा ऐकते. यंदा एका पोरीनं बसून ऐकलं. तिनं इथंच काउंटरवर करून पाह्यलं."

सरांना पडद्यावर ती ओळ खोडणाऱ्या दोन रेघा दिसल्या. त्यांचा राग कुठल्या कुठं गेला आणि त्याच्या जागी जे आलं, ते रागापेक्षा वाईट होतं.

प्रशिकनं मागच्या फळीवरून पुठ्ठ्यात बांधलेली मूळ प्रत काढली. धूळ फुंकली. पान तेवीस अलगद सोडवलं आणि दोन्ही हातांनी पुढं केलं.

"घ्या. तुमचं आहे. फायलीतून पण काढतो, तासाभराचं काम आहे. कोणी विचारलं तर म्हणीन, असं पान नव्हतंच." त्यानं चळत जवळ ओढली. "पण सर, काय झालं ते तरी सांगा. आज एकाएकी काहून?"

सरांनी सांगितलं. एकाहत्तर पेपर, पेपरफुटीचा संशय, उद्या चार वाजता. सांगताना ते प्रशिककडे पाहू शकले नाहीत, बोळातल्या हातगाडीकडे पाहत राहिले.

"म्हणजे हे पान नसलं," प्रशिक सावकाश म्हणाला, "तर तुम्ही सुटले. आणि ते एकाहत्तर चोर ठरले."

सरांनी ते पान घेऊन जवळ ठेवलं. प्रशिक खाली बसला, पहिली निळी फाइल उघडली, पिना काढायच्या चिमट्यानं एक पिन काढली आणि पान तेवीस बाजूला ठेवलं. मग दुसरी फाइल. सर पाहत होते. एकावर एक पानं साचत होती, आणि प्रत्येक पानावर त्यांची ती चौकट वर तोंड करून पडलेली होती.

त्या रात्री सरांना झोप लागली का, ते मला विचारू नका. मी तिथं नव्हतो. सत्यवतीबाई एवढंच सांगतात, की पहाटे ते अंगणात वहाण न घालताच उभे होते, आणि चहा दिला तर म्हणाले, "माझा निरोप-समारंभ झाला नाही तर तुले वाईट वाटन का वं?" त्या म्हणाल्या, "हार वाळून जाते दोन दिवसांत. त्याचं काय वाईट?" काय चाललंय ते त्यांना माहीत नव्हतं. तरी बोलल्या ते बरोबर बोलल्या.

केंद्रावर सर अकराच्या चहालाच मॅडमच्या टेबलाशी गेले. मॅडम रिपोर्टच टाइप करत होत्या. सरांनी पाकिटातून पान तेवीस काढून की-बोर्डवर ठेवलं. त्याच्यावर तो पिवळा कागद ठेवला. तोही ते प्रशिककडून मागून घेऊन आले होते.

"पेपर फुटला नाही मॅडम. हे वाक्य माझं आहे. अक्षर माझं आहे. बत्तीस वर्षांपासून शिकवून राहिलो. पोट्ट्यांनी चोरी नाही केली, विश्वास ठेवला. काल मी तुम्हाले खोटं सांगतलं."

मधुकररावांच्या हातातला माउस थांबला. आजूबाजूच्या दोन-चार माना वळल्या. मॅडमनी पान वाचलं, मग पिवळा कागद वाचला. पोराचं उत्तर वाचताना त्यांचं बोट ओळीओळीवरून फिरत होतं. शेवटच्या ओळीखालच्या लाल अक्षरावर ते बोट थांबलं. त्यांचा चेहरा राग आल्यासारखा झाला, मग नुसताच थकल्यासारखा.

"सर, हे मला लिहूनच द्यावं लागेल वर," त्या म्हणाल्या. "पोरांचा निकाल लागेल. पण आता रिपोर्टात नाव तुमचं येईल. बत्तीस वर्षांची चौकशी निघाली तर कुठवर जाईल, मलाही सांगता येत नाही. रिटायरमेंटला दोन महिने आहेत ना तुमचे?"

"हाव."

"विचार करा म्हटलं असतं. पण चार वाजायचेत."

"नाव टाका," सर म्हणाले.

मॅडमनी आधीचा मजकूर पुसला आणि नवीन लिहायला घेतला. कुलर घरघरत होता. नाव, कॉलेज, किती वर्षं. सर सांगत गेले, त्या टाइप करत गेल्या. एका जागी त्यांची बोटं थांबली.

"एक समजत नाही सर. दरवर्षी साठ-सत्तर पोरं. बत्तीस वर्षं. इतक्या वर्षांत कोणी एकानंही उठून विचारलं नाही, की तिरकं आलं तर काय?"

सरांनी पिवळा कागद उचलला. लाल अक्षरावर अंगठा ठेवला, पण ते तेवढ्यानं झाकलं जाईना.

"विचारलं होतं," ते म्हणाले. "त्याचंही नाव लिहा मॅडम. प्रशिक."